‘सर्वाधिक श्रेणी’, ‘बहुसंख्य श्रेणी’ की ‘बहुलक श्रेणी’?

प्रश्न: सातवीच्या तीन तुकड्यांच्या निकालपत्रकात एक रकाना हवा आहे: प्रत्येक तुकडीत जास्तीत जास्त मुलांना कोणती श्रेणी मिळाली. त्याला ‘सर्वाधिक श्रेणी’ म्हणायचं, ‘बहुसंख्य’ म्हणायचं की ‘बहुलक’? आणि संगणकावर तो काढायचा कसा?

उत्तर: रकान्याचं शीर्षक ‘तुकडीनिहाय बहुलक श्रेणी’ असं द्या. पालकांसाठी पत्रक असेल तर ‘सर्वांत जास्त विद्यार्थ्यांना मिळालेली श्रेणी’ असं पूर्ण लिहा. ‘सर्वाधिक श्रेणी’ आणि ‘बहुसंख्य श्रेणी’ हे दोन्ही शब्दप्रयोग टाळा. दोन्हींचा अर्थ वेगळा होतो, आणि अर्थ वेगळा झाला की उत्तरही वेगळं येतं. हे आकड्यांवरूनच दाखवतो. समजा निकाल असा लागला आहे:

तुकडी अ, ३० मुलं: अ-१ चार, अ-२ नऊ, ब-१ आठ, ब-२ पाच, क-१ चार.
तुकडी ब, ३२ मुलं: अ-१ दोन, अ-२ पाच, ब-१ नऊ, ब-२ दहा, क-१ सहा.
तुकडी क, २८ मुलं: अ-१ एक, अ-२ चार, ब-१ आठ, ब-२ पाच, क-१ आठ, क-२ दोन.

(तुकडी आणि श्रेणी दोन्हींना अ, ब, क हीच अक्षरं असल्यामुळे पत्रकात नुसतं ‘ब’ कधीही लिहू नका. ‘तुकडी ब’ आणि ‘ब-१’ असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहा.)

आता ‘सर्वाधिक’ घ्या. ‘सर्वाधिक गुण’, ‘सर्वाधिक तापमान’, ‘सर्वाधिक पाऊस’ या सगळ्यांत हा शब्द मोजलेल्या मूल्याला लागतो. सर्वाधिक गुण म्हणजे सर्वांत वरचे गुण, हे कुणाला सांगावं लागत नाही. त्याच सवयीनं वाचणारा ‘सर्वाधिक श्रेणी’ याचा अर्थ ‘सर्वांत वरची श्रेणी’ असाच घेतो, आणि तिन्ही तुकड्यांपुढे अ-१ ची अपेक्षा करतो. तुकडी क मध्ये तर अ-१ एकाच मुलाला आहे. तुम्हाला मोजायची आहेत मुलं आणि विशेषण जाऊन बसलं श्रेणीला, घोटाळा एवढाच आहे. म्हणून ‘सर्वाधिक’ वापरायचाच असेल तर तो मुलांना जोडा: ‘सर्वाधिक विद्यार्थ्यांना मिळालेली श्रेणी’. ‘सर्वाधिक वेळा आढळलेली श्रेणी’ हेही निर्दोष आहे, कारण तिथे विशेषण ‘वेळा’ला लागतं.

‘बहुसंख्य’मध्ये अडचण निराळी आहे. बहुसंख्य म्हणजे निम्म्यांहून जास्त, निदान मराठी वाचक तरी तसंच समजतो. ‘बहुतेक’ आणि ‘बहुतांश’ या शब्दांचंही तसंच. तुकडी अ मध्ये अ-२ ही श्रेणी पहिली आली, पण ३० पैकी ९ मुलांना. उरलेल्या २१ मुलांना दुसरंच काहीतरी मिळालं आहे. निवडणुकीत निम्मी मतं न मिळताही उमेदवार निवडून येतो, तसंच हे आहे: इतर प्रत्येकापेक्षा जास्त असलं की पुरतं, सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असायची अट नाही. ‘तुकडी अ मधील बहुसंख्य विद्यार्थ्यांना अ-२’ हे वाक्य म्हणूनच खोटं ठरतं.

बहुलक या शब्दात असा कुठलाच जादा दावा नाही. कार्ल पिअर्सननं १८९५ मध्ये ‘मोड’ ही संज्ञा वापरात आणली. तिला मराठी पाठ्यपुस्तकांनी बहुलक हा प्रतिशब्द दिला, आणि मध्य, मध्यक, बहुलक हे त्रिकूट शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावर आहे. सामग्रीत जो प्राप्तांक सर्वांत जास्त वेळा येतो तो बहुलक. श्रेणीच्या बाबतीत तर तो विशेष कामाचा आहे. अ-२ आणि क-१ यांची बेरीज करून भागाकार करता येत नाही, म्हणजे मध्य काढायची सोयच नाही. श्रेणींना वरखाली क्रम असल्यामुळे मध्यक निघू शकतो, पण ‘या तुकडीत नेहमी दिसणारी श्रेणी कुठली’ या प्रश्नाचं उत्तर बहुलकच देतो.

‘निहाय’ कशाला जोडायचा हेही महत्त्वाचं आहे. जिल्हानिहाय, मतदारसंघनिहाय या शब्दांत ‘निहाय’ ज्याला लागतं त्याचे आधी गट पाडले जातात, आणि मग प्रत्येक गटात स्वतंत्र मोजणी होते. ‘तुकडीनिहाय बहुलक श्रेणी’ म्हणजे आधी तुकड्या वेगळ्या करा, मग प्रत्येकीत श्रेणी मोजा. हेच उलटं करून ‘श्रेणीनिहाय’ म्हटलंत तर प्रश्न बदलतो: ब-१ मिळालेली मुलं सर्वांत जास्त कुठल्या तुकडीत आहेत? वरच्या आकड्यांत ती तुकडी ब आहे, तिथे ९ जण आहेत. पण तुकडी ब चा स्वतःचा बहुलक ब-१ नाही, ब-२ आहे. शब्द एका जागेवरून दुसरीकडे सरकला आणि उत्तर पालटलं.

‘निहाय’ गाळलं तर काय होतं? नुसतं ‘सातवीची बहुलक श्रेणी’ म्हटलं की तिन्ही तुकड्या एकत्र धराव्या लागतात. ९० मुलांत अ-१ सात, अ-२ अठरा, ब-१ पंचवीस, ब-२ वीस, क-१ अठरा आणि क-२ दोन. बहुलक ब-१. ही श्रेणी तुकडी अ मध्ये दुसरी होती, तुकडी ब मध्येही दुसरी होती. दोन्हीकडे थोडक्यात मागे राहिलेली श्रेणी एकत्र मोजणीत पुढे गेली. त्यामुळे तुकड्यांचे बहुलक हाताशी असले तरी त्यांवरून इयत्तेचा बहुलक सांगता येत नाही. मूळ मोजणीकडेच जावं लागतं.

‘वर्ग’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो आहे. बोलताना ‘आमच्या वर्गात’ म्हणणं साहजिक आहे, पण दहावीच्या संख्याशास्त्रात वर्ग म्हणजे ७१ ते ८० असा गुणांचा गट, आणि ‘बहुलकीय वर्ग’ म्हणजे सर्वाधिक वारंवारता असलेला गट. ‘वर्गाचा बहुलक’ असं लिहिलंत तर गणिताचे शिक्षक काही वेगळंच समजतील. ‘तुकडी’ आणि ‘इयत्ता’ म्हटलं की गोंधळ मिटतो.

आता काढायचं कसं ते सांगतो. कागदावर करायचं तर प्रत्येक तुकडीसाठी श्रेणींचा एक स्तंभ लिहून ताळ्याच्या खुणा करत जा. संगणकावरही तेच करायचं असतं. एक्सेलमधलं `MODE` हे फंक्शन इथे उपयोगी पडत नाही, कारण ते फक्त आकडे मोजतं आणि श्रेणी अक्षरांत असल्यामुळे `#N/A` दाखवतं. म्हणून A रकान्यात तुकडी आणि B रकान्यात श्रेणी ठेवा. E2 पासून खाली तिन्ही तुकड्यांची नावं लिहा, F1 ते N1 मध्ये अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या नऊ श्रेणी लिहा, आणि F2 मध्ये हे सूत्र टाकून आडवं-उभं ओढा:

```
=COUNTIFS($A:$A,$E2,$B:$B,F$1)
```

मग O2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,FILTER($F$1:$N$1,F2:N2=MAX(F2:N2)))
```

हे दुसरं सूत्र एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत आणि गूगल शीट्समध्ये चालतं. त्याचा खरा फायदा तुकडी क मध्ये दिसतो. तिथे ब-१ आणि क-१ दोन्ही आठ-आठ आहेत, आणि सूत्र दोन्ही श्रेणी लिहितं. बऱ्याच साधनांत असं होत नाही. उदाहरणार्थ, PostgreSQL या डेटाबेसमधलं `mode()` बरोबरी झाली तर त्यातली एकच किंमत देतं आणि दुसरी होती हे कळूही देत नाही. तुकडी क चा बहुलक नुसता ‘ब-१’ छापला गेला तर तुकडी बरी दिसते, नुसता ‘क-१’ छापला गेला तर कच्ची, आणि आकडे मात्र तेच. मराठीत इथे ‘बहुलक दोन: ब-१ आणि क-१’ असं सरळ लिहावं. दोन्हींच्या मधली म्हणून ब-२ लिहायचा मोह होतो, पण ब-२ तिथे पाचच जणांना आहे.

मोजणी चुकते ती बहुतेक वेळा टंकलेखनामुळे. एकानं ‘अ-२’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘अ २’, तिसऱ्यानं आकडा इंग्रजी टाकून ‘अ-2’, चौथ्याच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली. आपण चारही सारखेच वाचतो, पण संगणकासाठी त्या वेगवेगळ्या अक्षरमालिका आहेत. तुकडी अ मधल्या नऊपैकी दोन नोंदी अशा निसटल्या तर अ-२ सातवर येतं आणि बहुलक ब-१ होऊन बसतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक ओळीतल्या नऊ आकड्यांची बेरीज करा आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या संख्येशी ताडून पाहा. बेरीज कमी भरली तर काही नोंदी कुठल्याच रकान्यात गेलेल्या नाहीत. गैरहजर मुलांपुढे ‘गैरहजर’ लिहायला हरकत नाही, पण तो शब्द F1 ते N1 च्या ओळीत घेऊ नका. साथीच्या दिवसांत एखाद्या तुकडीचा बहुलक ‘गैरहजर’ निघायचा.

शेवटी, श्रेणीपुढे कंसात द्यायच्या आकड्याबद्दल. तुकडी अ मध्ये अ-२ नऊ आणि ब-१ आठ आहेत. ८१ गुणांना अ-२ आणि ८० ला ब-१ मिळते. ८१ गुण मिळालेल्या एकाच मुलाचा एक गुण कमी झाला असता तर हे आकडे आठ आणि नऊ झाले असते आणि तुकडीचा बहुलक बदलला असता. तीस मुलांच्या तुकडीत असं सहज होऊ शकतं. म्हणून नुसती श्रेणी न छापता तिच्यापुढे संख्या द्या: तुकडी अ – अ-२ (३० पैकी ९), तुकडी ब – ब-२ (३२ पैकी १०), तुकडी क – ब-१ आणि क-१ (२८ पैकी प्रत्येकी ८). ‘प्रत्येकी’ हा शब्द तिसऱ्या ओळीत गाळू नका, नाहीतर दोन्ही श्रेणी मिळून आठ असा अर्थ निघतो.