एक्स्टेन्शनचा मेल: 'रिसर्च चालू आहे' एवढंच लिहू नकोस

> 'कलेच्या इतिहासाच्या पेपरला आठवडाभर मुदत हवीये. मॅडमना मेल करायचाय, रिसर्च कुठवर आलाय ते कसं लिहू?'

तुझी पोस्ट वाचून पोटात गोळाच आला, मी यातून गेलोय. नमस्कार, विषय, रोल नंबर वगैरे तू घालशीलच, त्यावर नाही बोलत.

माझा पेपर डच चित्रकार व्हर्मीरच्या, खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीच्या चित्रावर होता. तिच्यामागची मोकळी भिंत म्हणजे मुलीचा एकटेपणा, असं माझं म्हणणं. मग कळलं की तिथे रंगाखाली क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव, रंगवलेला आहे. 1979 च्या एक्स-रेमध्ये तो दिसला होता, पण व्हर्मीरनेच तो झाकला असं मानायचे. 2017 पासूनच्या रिस्टोरेशनमध्ये क्युपिड आणि वरच्या रंगाच्या मध्ये जुनं वॉर्निश आणि मळ सापडला, म्हणजे झाकलं नंतर, दुसऱ्याच कुणीतरी. 2021 मध्ये चित्र क्युपिडसकट लोकांपुढे आलं. माझा अर्धा पेपर गेला की!

त्यावरचा कॅटलॉग मी बाहेरून मागवला आणि पुस्तकं मागवून देणाऱ्या त्या ऑफिसने तीन आठवडे 'येईल, येईल' करत ठेवलं, स्पष्ट नाही म्हणाले असते तर मी दुसरी वाट धरली असती, अजून राग येतो. पण खरी चूक माझीच. आदल्या रात्री मेल केला, 'मटेरियल मिळालं नाही, रिसर्च चालू आहे, मुदत द्यावी.' मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं: 'पुस्तक आलं तर तुमच्या म्हणण्यात काय बदलेल?' मला सांगता येईना. मुदत नाही मिळाली.

म्हणून माझ्या मते मेलमध्ये याच प्रश्नाचं उत्तर हवं. मी आज असा लिहीन:

'मॅडम, मोकळ्या भिंतीवरचं माझं म्हणणं आता टिकत नाही, कारण ती भिंत व्हर्मीरची नाही. म्हणून भिंत मोकळी समजून लोकांनी चित्र कसं वाचलं, यावर पेपर वळवतेय. चित्राचं वर्णन आणि पहिला भाग झालाय, दोन पानं जोडली आहेत. क्युपिडचा भाग राहिलाय. कॅटलॉग सोमवारपर्यंत आला नाही तर म्युझियमने प्रसिद्ध केलेल्या माहितीवरच लिहीन. शुक्रवारपर्यंत मुदत मिळेल का?'

('वळवतेय' तुझ्यासाठी, मी 'वळवतोय' लिहिलं असतं.) ती दोन पानं जोडच, कच्ची असली तरी, काम झालंय हे त्यातूनच दिसतं. 'आठवडाभर' नको, वार आणि तारीख लिही. आजारपण किंवा घरचं कारण असेल तर एक ओळ पुरे, पण हे माझं मत हां, काही ठिकाणी त्याला वेगळा अर्ज लागतो आणि मुदत देणं लेक्चररच्या हातात नसतंच, तुमच्या डिपार्टमेंटचा नियम आधी बघ.

आणि उत्तर येईपर्यंत जुनीच तारीख धरून लिहीत राहा, मी दोन दिवस नुसता इनबॉक्स बघत बसलो होतो.