संध्याकाळी आलेल्या ‘सुप्रभात’ला उत्तर

प्रश्न : ‘आमच्या इमारतीतले एक वयस्कर काका बरेचदा संध्याकाळी “सुप्रभात” पाठवतात आणि न्यू जर्सीच्या माझ्या मावशीचे “गुड मॉर्निंग”ही आमच्याकडे दिवेलागणीलाच येते. त्यांची चूक न दाखवता आणि घोळ न होता काय उत्तर द्यावे?’

दोघांनाही ‘नमस्कार काका’, ‘नमस्कार मावशी’ असे नात्याच्या संबोधनासह लिहावे. नमस्कार, राम राम, जय हरी, जय भीम ही आपल्याकडची रुळलेली अभिवादने दिवसाच्या कोणत्याही प्रहरी चालतात, त्यामुळे त्यांतून दुसऱ्याच्या घड्याळाविषयी कोणतेही विधान होत नाही. काका स्वतः यांपैकी जे वापरत असतील तेच परत करणे अधिक आपुलकीचे ठरेल.

अनेकांना अशा वेळी ‘शुभ संध्याकाळ’ लिहावेसे वाटते. एरवी ते निर्दोष अभिवादन आहे, पण ‘सुप्रभात’च्या लगेच खाली आले की दोन शब्द शेजारी शेजारी दिसतात आणि दुसरा पहिल्याची दुरुस्ती केल्यासारखा वाचला जातो. ‘शुभ रात्री’ त्याहून गैरसोयीचे, कारण मराठीत ते भेटीचे नसून निरोपाचे शब्द आहेत. काकांनी बोलणे सुरू करावे आणि आपण दार लावून घ्यावे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. उलट ‘सुप्रभात’ला ‘सुप्रभात’ असे उत्तर दिले, तर समोरच्याला आपली चूक नंतर लक्षात आल्यावर ती थट्टा वाटण्याची शक्यता राहते. हिंजवडीसारख्या ठिकाणी परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणारी मंडळी कामाच्या आरंभी, संध्याकाळीसुद्धा, एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. तिथे ‘मॉर्निंग’ म्हणजे पाळीची सुरुवात, म्हणून तसेच उत्तर देणे योग्य. काकांच्या बाबतीत हा संकेत लागू नाही.

नुसता ‘नमस्कार’ कोरडा वाटत असेल तर ‘तुम्हालाही शुभेच्छा’ जोडावे. यातला ‘ही’ महत्त्वाचा आहे, कारण तुमची सदिच्छा पोहोचली आणि तीच परत करतो आहे, एवढे तो एका अक्षरात सांगतो, आणि सकाळ-संध्याकाळचा उल्लेख त्यासाठी करावा लागत नाही. ‘च’ मात्र टाळावा. ‘अजून सकाळच आहे वाटतं’ हे समवयस्क मित्राला खपेल; काकांना नाही.

मावशीच्या बाबतीत चूक मुळातच नाही, तिच्याकडे खरोखरच सकाळ आहे. तिला ‘इकडे आत्ताच दिवे लागले, चहा घेतोय’ असे अवश्य लिहावे, कारण ‘इकडे’ या शब्दातच ‘तिकडे’ वेगळी वेळ असल्याचे मान्य केलेले असते आणि वाक्य आपल्या घरची बातमी म्हणून वाचले जाते. हेच वाक्य त्याच इमारतीतल्या काकांना लिहिले, तर ‘इकडे’ला भौगोलिक अर्थ उरत नाही आणि तो टोमणा होतो. ‘इकडे तर संध्याकाळ झाली’ यातला ‘तर’ मावशीलाही लिहू नये. त्याने बातमीची तक्रार होते.

घोळ मात्र अभिवादनात फारसा होत नाही, तो पुढच्या ‘उद्या’, ‘सकाळी’, ‘थोड्या वेळाने’ या शब्दांत होतो. समजा, जुलैतल्या एका शनिवारी पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले असताना मावशीचा निरोप आला : ‘गुड मॉर्निंग, उद्या सकाळी नऊला फोन करते.’ तिच्याकडे तेव्हा शनिवारचे सकाळचे दहा वाजलेले असतात, कारण उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिचे रविवारचे नऊ म्हणजे पुण्याचे रविवारी संध्याकाळचे साडेसहा. ‘बरं, उद्या सकाळी बोलू’ असे उत्तर गेले, तर आपण रविवारी सकाळी नऊला फोनची वाट पाहत बसू, आणि त्या वेळी तिच्याकडे शनिवारची रात्र सरत आलेली असेल, साडेअकरा. म्हणून उत्तर असे द्यावे : ‘नमस्कार मावशी. रविवारी तुझ्या सकाळी नऊला, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसहाला, मी घरीच आहे.’ येथे वाराचे नाव आणि दोन्हीकडची वेळ आली आहे. मावशीने काही चुकीचे लिहिले असे मात्र कोठेही सूचित होत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि अंतर साडेदहा तासांचे होते, तेव्हा तिचे तेच नऊ आपल्याकडे साडेसातला येतील.

काकांशीही काही ठरवायचे असेल, तर ‘सकाळी येतो’ऐवजी ‘मंगळवारी सकाळी दहाला येतो’ असे वारासह लिहावे.