आधी देश ठरवायचा की आधी दिवस?

"आम्ही दोघं आणि 7 वर्षांची मुलगी पहिल्यांदाच परदेशी फिरायला निघतोय. 20 महिने दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकत आलोय. रजा 10 दिवसांची मिळेल. मनात एक लांबचा देश आहे आणि एक जवळचा. दोन्हींच्या खर्चाचा अंदाज सोबत पाठवतोय. लांबच्या ठिकाणी पैसे कमी पडतात, पण तेवढं कर्ज काढता येईल. तिकिटांची ऑफर 3 दिवसांत संपतेय. घेऊन टाकू का?"

3 दिवसांत काही घेऊ नका. ऑफर परत येतात. नावावर काढलेलं, पैसे परत न मिळणारं तिकीट मात्र गळ्यात पडतं.

तुमचे अंदाज मी नीट पाहिले. हिशेब सोपा जावा म्हणून तुमची जमलेली सगळी रक्कम 100 धरतो. म्हणजे तुम्ही दरमहा 5 टाकत आलात. ही रक्कम अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांहून वेगळी आहे असं मी गृहीत धरतोय. तसं नसेल, तर हे उत्तर इथेच थांबवा आणि आधी ती सोय करा.

बहुतेक जण आधी देश ठरवतात, मग रजेकडे बघून दिवस, आणि शेवटी पैशांचा मेळ घालायला बसतात. तुम्हीही तेच केलंय. पण देश आणि दिवस हे दोन सुटे प्रश्न नाहीत. त्यांना जोडणारा प्रश्न असा: तिथे पहिला दिवस उजाडण्याआधीच किती पैसे संपलेले असतील?

या खर्चाला मी दारातला खर्च म्हणतो. येण्याजाण्याचं तिकीट, व्हिसा, विमा, दोन्हीकडचा विमानतळापर्यंतचा प्रवास. तिथे 3 दिवस राहा की 13, हा जवळजवळ तेवढाच राहतो. त्यातून मुलगी 7 वर्षांची. 2 वर्षांखालच्या बाळाचं तिकीट नाममात्र असतं, तिचं बहुधा मोठ्यांच्या जवळपास जाईल. तुमच्या यादीत लांबच्या देशाचा दारातला खर्च 52 होतो, जवळच्याचा 22. दुसरा भाग रोजचा: खोली, जेवण, फिरणं, प्रवेश तिकिटं. तो लांबच्या ठिकाणी 7 आहे आणि जवळच्या ठिकाणी 8. हो, लांबचं ठिकाण रोजच्या हिशेबात स्वस्त आहे, आणि तुमची गल्लत नेमकी तिथेच झालीय असं मला वाटतं. "तिथे राहणं स्वस्त आहे" हे खरंच, पण तिथे पोचणं महाग आहे.

आता 100 मधून 10 राखीव काढून ठेवा. चुकलेली गाडी, मुलीचा ताप, चलनाचा बदललेला दर, यांसाठी. उरले 90. लांबच्या देशासाठी त्यातून 52 गेले की 38 राहतात आणि रोज 7 प्रमाणे त्यात 5 दिवस बसतात. जवळच्या देशासाठी 68 राहतात, त्यात 8 दिवस. दिवसांचा आकडा रजेच्या अर्जातून काढायचा नसतो, तो असा या वजाबाकीतून निघतो.

पण 5 दिवस म्हणजे तरी किती? पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस वजा करा. माझ्या पहिल्या सहलीत आम्ही पहाटे 5 ला उतरलो. मी मनाशी म्हटलं, वा, अख्खा दिवस हाताशी आला! हॉटेलात गेल्यावर कळलं की खोली दुपारी 2 ला मिळणार. आदल्या रात्रीचे पैसे भरा, नाहीतर थांबा. आम्ही थांबलो. बायको सूटकेसवर डोकं टेकवून झोपली, मी पेंगत सामान राखलं, आणि तो अख्खा दिवस तसाच गेला. तेव्हापासून मी फक्त पूर्ण दिवस मोजतो: सकाळी तिथल्याच खोलीत उठायचं आणि रात्री तिथेच झोपायचं. जाहिरातीतले "6 रात्री 7 दिवस" या मोजणीत जेमतेम 5 भरतात.

त्या मापाने लांबच्या देशात तुम्हाला 3 पूर्ण दिवस मिळतात आणि खर्च होतो 87. म्हणजे एक दिवस 29 ला पडला. जवळच्या देशात 6 पूर्ण दिवस, खर्च 86. एक दिवस 14 च्या थोडा वर.

म्हणून लांबचं ठिकाण वाईट, असं मात्र नाही. तिथे पूर्ण 10 दिवस राहिलात तर खर्च 122, पूर्ण दिवस 8, आणि एक दिवस पडतो साधारण 15 ला. जवळच्या ठिकाणचे 10 दिवस मोजले तर एक दिवस 13 च्या आसपास येतो. फरक जवळजवळ मिटला. दारातला खर्च मोठा असेल तिथे जास्त दिवस राहण्यातच पैसा वसूल होतो, घाईच्या फेरीत तो वाया जातो. वेळेच्या फरकाने मुलीची झोप बिघडणार आणि पहिले दोन दिवस ती दुपारीच पेंगणार, हे तर मी धरलेलंच नाही.

राहिला कर्जाचा प्रश्न. 122 साठी 22 कमी पडतात, हा तुमचा हिशेब बरोबर आहे. पण त्यात राखीव 10 नाहीत. ते धरले की खड्डा 32 चा होतो. दरमहा 5 च्या वेगाने तो बुजायला जवळपास साडेसहा महिने लागतील. कर्ज काढलंत तरी तेवढेच महिने, वर व्याज. व्याजापेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकते. परत आल्यावर सहासात महिने तुमची बचत शून्य असेल आणि हप्ता चालू असेल. त्या काळात घरात काही उद्भवलं तर सहलीसाठी घेतलेल्या कर्जावर दुसरं कर्ज चढतं. अशी घरं मी पाहिली आहेत.

म्हणून माझं मत: यंदा जायचंच असेल तर जवळचा देश, 8 दिवस. मन लांबच्याच देशात अडकलं असेल तर आणखी 7 महिने थांबा आणि 10 दिवसांसाठीच जा. 5 दिवसांसाठी लांब जाणं हा एकच पर्याय मी सरळ खोडून टाकेन.

जे ठरेल त्यात पैसे भरण्याचा क्रम बघा. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, आज रद्द केलं तर यातलं किती परत येईल? व्हिसाची फी नकार मिळाला तरी सहसा परत मिळत नाही, पण ती तुलनेने लहान असते. तिकीट मोठं असतं. म्हणून जिथे नुसतं आरक्षण दाखवून व्हिसाचा अर्ज चालतो, तिथे पक्कं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. हॉटेल रद्द करता येईल असं घ्या, जरा महाग पडलं तरी. आणि दर "ट्विन शेअरिंग"चा, म्हणजे एका खोलीत दोघं धरून लावलेला असेल, तर तुमच्या मुलीचा पलंग त्यात आहे का, हे लेखी विचारून घ्या.

याआधी मात्र एक काम आजच करा. कपाटातून तिन्ही पासपोर्ट बाहेर काढा. बऱ्याच देशांना प्रवासाच्या वेळी पासपोर्टची निदान 6 महिने मुदत उरलेली लागते, आणि लहान मुलांचा पासपोर्ट बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा कमी वर्षांचा असतो. तुमच्या खर्चाच्या यादीत तिच्या पासपोर्टच्या नूतनीकरणाची ओळ मला दिसली नाही.