तोंड नसलेला नळीकृमी जगतो कशावर?

प्रश्न: समुद्राच्या तळाशी गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ प्राणी सूर्यप्रकाशाशिवाय, रसायनांवर जगतात असे वाचले. म्हणजे ते नेमके खातात काय? आणि उद्या सूर्य विझला तरी ते जगतील का?

या झऱ्यांजवळ अनेक प्रकारचे प्राणी आढळतात, पण मी येथे एकाच प्राण्याविषयी लिहितो. त्याचे जगणे नीट समजले, तर आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतात. हा प्राणी म्हणजे रिफ्टिया पॅकिप्टिला या नावाचा महाकाय नळीकृमी. तो पांढऱ्या नळीत राहतो, दीड-दोन मीटरपर्यंत वाढतो, त्याच्या टोकाला लालभडक तुरा असतो आणि पूर्ण वाढ झाल्यावर त्याला ना तोंड असते, ना आतडे.

१९७७ साली गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून हे झरे प्रथम प्रत्यक्ष पाहिले गेले. मोहीम भूशास्त्राची होती आणि जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. त्यामुळे एवढे प्राणी हाती लागतील अशी तयारीच कोणी केलेली नव्हती, आणि नमुने टिकवण्यासाठी लागणारे फॉर्मॅलिन अपुरे पडल्यावर काही नमुने चक्क व्होडकात बुडवून ठेवावे लागले. या प्राण्याचे पोट कसे भरते हे मात्र पुढची काही वर्षे कोडेच राहिले. पाण्यात विरघळलेले अन्न तो त्वचेतून शोषत असावा, असा एक तर्क होता, पण एवढ्या मोठ्या शरीरासाठी तो पुरेसा वाटत नव्हता.

उलगडा एका व्याख्यानात झाला. १९८० साली स्मिथसोनियन संस्थेचे मेरेडिथ जोन्स हार्वर्ड विद्यापीठात या कृमीच्या शरीररचनेविषयी बोलत होते. कृमीच्या धडाचा मोठा भाग ज्या मऊ, स्पंजासारख्या ऊतीने भरलेला असतो, तिच्यात गंधकाचे स्फटिक सापडल्याचे त्यांनी सांगितले. श्रोत्यांत बसलेली कॉलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी तिथेच उभी राहिली आणि म्हणाली की, तसे असेल तर या प्राण्याच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असलेच पाहिजेत. पुढे तिने सूक्ष्मदर्शकाखाली ते दाखवून दिले. त्याच सुमारास हॉर्स्ट फेल्बेक यांना त्याच ऊतीत कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून सेंद्रिय पदार्थ घडवणारे एन्झाइम सापडले. हे एन्झाइम आपण वनस्पतींशी जोडतो, प्राण्यांशी नाही. या ऊतीला ट्रोफोसोम म्हणतात आणि तिच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असतात.

म्हणजे कृमी बाहेरून काही खात नाही. त्याचे अन्न त्याच्या पोटातच पिकते, आणि तो स्वतः फक्त कच्चा माल पुरवतो. सागरतळाच्या भेगांतून आत झिरपलेले पाणी तप्त खडकांपर्यंत पोहोचते, वाटेत आपला ऑक्सिजन गमावते, आणि खडकाशी होणाऱ्या अभिक्रियांतून हायड्रोजन सल्फाइड व धातू घेऊन परत वर येते. काही झऱ्यांच्या मुखाशी त्याचे तापमान ३५० अंश सेल्सिअसच्याही वर असते आणि केवळ खोलीवरच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. कृमी मात्र अशा मुखाशी नव्हे, तर जिथे हे पाणी भोवतालच्या २ अंशांच्या थंड पाण्यात मिसळून कोमट झालेले असते, तिथे राहतो. जिवाणूंचे काम ढोबळ मानाने असे मांडतात:

```
CO2 + 4H2S + O2 → CH2O + 4S + 3H2O
```

यातील CH2O म्हणजे शर्करेचा सर्वांत साधा घटक, आणि S म्हणजे जोन्स यांना दिसलेले तेच गंधक. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होताना सुटणारी ऊर्जा येथे सूर्यप्रकाशाची जागा घेते. तयार झालेल्या सेंद्रिय पदार्थांचा काही भाग जिवाणूंतून थेट कृमीला मिळतो आणि काही जिवाणूंना तो पेशींच्या आतच पचवून टाकतो.

कागदावर हे सोपे दिसते, पण खरी अडचण पुरवठ्याची आहे, आणि मला या सगळ्यात तोच भाग सर्वांत रोचक वाटतो. सल्फाइड गरम पाण्यात असते आणि ऑक्सिजन थंड पाण्यात, शिवाय ही दोन्ही एकत्र आली की एकमेकांशी अभिक्रिया करून नाहीशी होऊ लागतात. त्यावर कडी म्हणजे सल्फाइड हे विष आहे. ते पेशींच्या श्वसनातील शेवटचे एन्झाइम सायनाइडप्रमाणेच बंद पाडते. मग कृमीने ते स्वतःच्या रक्तातून जिवाणूंपर्यंत न्यायचे कसे? उत्तर त्याच्या तुऱ्याच्या लाल रंगात आहे. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा रेणू आपल्या हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो ऑक्सिजन व सल्फाइड एकाच वेळी, पण दोन वेगळ्या जागी धरून ठेवतो. त्यामुळे वाटेत दोघांची गाठ पडत नाही आणि मोकळे सल्फाइड पेशींच्या श्वसनापर्यंत पोहोचत नाही. पाण्याचा प्रवाह क्षणाक्षणाला बदलत असल्याने तुऱ्यावर कधी कोमट तर कधी थंड पाणी येते, आणि दोन्हींतून हवे ते उचलून साठवणे याच हिमोग्लोबिनमुळे शक्य होते.

पुरवठा आटला की ते कृमीच्या आत दिसतेही. गंधकाचा साठा भरपूर असलेले ट्रोफोसोम फिकट, पिवळसर दिसते, आणि सल्फाइड मिळेनासे झाले की तो साठा खर्ची पडून ते काळपट हिरवे होते. झरा कायमचा बंद पडला, तर जागचा न हलणारा हा प्राणी मरतो आणि मागे रिकाम्या नळ्या राहतात. पुरवठा चांगला असेल तेव्हा मात्र वाढ थक्क करणारी असते. पूर्व प्रशांत कटक या सागरतळावरील पर्वतरांगेवर १९९१ साली झालेल्या उद्रेकात लाव्ह्याखाली जुनी वस्ती गाडली गेली, आणि १९९३ च्या डिसेंबरात त्याच परिसरात सुमारे दीड मीटर लांबीचे नळीकृमी उभे होते. त्यांची वाढ वर्षाला ८५ सेंटिमीटरहून अधिक भरली.

ही भागीदारी वारशाने मिळत नाही. कृमीच्या अंड्यात जिवाणू नसतात, ते प्रत्येक पिढीतील पिल्लाला सभोवतालच्या पाण्यातून नव्याने मिळवावे लागतात. ते तोंडावाटे शिरत असावेत असा पूर्वी समज होता, परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते त्वचेतून शिरतात असे दाखवले.

आता सूर्य विझण्याविषयी. वरच्या समीकरणात O2 आहे, आणि हा ऑक्सिजन झऱ्यातून येत नाही. तो पृष्ठभागाजवळ प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेला असतो आणि ध्रुवीय प्रदेशांतील थंड, जड पाण्याबरोबर खोल समुद्रात उतरतो. म्हणून ‘सूर्याशिवाय जगणारा प्राणी’ हे वर्णन मला अर्धवट वाटते. या कृमीची ऊर्जा पृथ्वीच्या पोटातून येते, पण ती मोकळी करणारा ऑक्सिजन सूर्याचीच देणगी आहे. सूर्य विझला तर समुद्रात आधीच विरघळलेला ऑक्सिजन काही काळ पुरेल, आणि तो संपला की नळीकृमीही संपेल. झऱ्यांतील हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मात्र ऑक्सिजन लागतच नाही, त्यामुळे झरे वाहत आहेत तोवर त्यांचे चालू राहू शकेल.