पर्च्यावरची अक्षरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थेंबांच्या औषधापुढे ‘ओडी’ लिहिलंय. दुकानदार म्हणाला, दिवसातून एकदा. बरोबर ना? (रामबाग)

इतर डॉक्टरांच्या पर्च्यावर बरोबर. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘ओडी’चा अर्थ उजवा डोळा असाही होतो. ‘ओएस’ म्हणजे डावा, ‘ओयू’ म्हणजे दोन्ही. ऑपरेशननंतरचे थेंब बहुधा दिवसातून बऱ्याच वेळा घालायचे असतात. त्यामुळे ‘एकदाच’ हे ऐकूनच शंका यायला हवी होती. आजच दवाखान्यात फोन करा आणि कोणत्या डोळ्यात, किती वेळा, हे दोन्ही विचारा.

प्रश्न : गोळीपुढे ‘५/७’ आणि कागदाच्या तळाशी ‘३/१२’ आहे. हे डोसाचं प्रमाण का? (लोकमान्य नगर)

नाही. पाच दिवस गोळी घ्या, तीन महिन्यांनी दाखवायला या. खाली ७ असेल तर दिवस, ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने.

प्रश्न : आत्याला संधिवात आहे. पर्च्यावर ‘फोल’ने सुरू होणाऱ्या दोन गोळ्या आहेत. एकीपुढे १०, ‘ओडब्ल्यू’ आणि ‘सन’, दुसरीपुढे ५ आणि ‘ओडी’. मी डबीवर मराठीत ‘दोन्ही रोज एक’ अशी चिठ्ठी लावून दिली. आता तिच्या तोंडात फोड आलेत. दुकानदार म्हणतो उष्णतेचे आहेत, बी-कॉम्प्लेक्स द्या. (राजेंद्र नगर)

तुम्हाला पत्र मिळाल्याबरोबर फोनवर सांगितलं तेच आधी लिहितो : ती पहिली गोळी ताबडतोब बंद करा आणि आत्याला पर्चा, डबी, उरलेल्या पट्ट्या यांच्यासह आजच इस्पितळात न्या. बाकीचं उत्तर इतर वाचकांसाठी आहे, कारण हा घोटाळा माझ्याकडे पुन्हापुन्हा येतो आणि दर वेळी उशिरा येतो.

पहिली गोळी फोलिट्रॅक्स, म्हणजे मेथोट्रेक्सेट. दुसरी फोलव्हाइट, म्हणजे साधं फोलिक ॲसिड. घाईच्या अक्षरात दोन्ही नावांचं शेपूट पुसलं जातं आणि उरतं फक्त ‘फोल’. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. ‘ओडब्ल्यू’चा अर्थ तोच, आणि ‘सन’ म्हणजे रविवार. हे औषध शरीरातल्या फोलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणतं. आठवड्याच्या लहान डोसाने सांध्यांची सूज आटोक्यात राहते. रोज घेतलं तर सतत नव्याने तयार होणाऱ्या पेशींना, म्हणजे तोंडाच्या आतल्या त्वचेला आणि रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेला, सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी तोंड येतं. मग ताप, उलट्या-जुलाब, अंगावर लाल ठिपके किंवा काळेनिळे डाग. पांढऱ्या पेशी घसरल्या की साधा संसर्गही जिवावर बेततो. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या माणसाच्या तोंडातल्या फोडांना ‘उष्णता’ म्हणणाऱ्या दुकानदाराला मी औषधाच्या कपाटाजवळ उभं राहू देणार नाही.

आणखी एक ऐकीव गोष्ट : ‘मग फोलिक ॲसिड जास्त घेतलं की उतरेल.’ उतरत नाही. त्यावर इस्पितळात देतात ते फोलिनिक ॲसिड. नाव जवळचं आहे, औषध वेगळं आहे, आणि ते रक्ततपासणी करत देतात.

आता हा कागद कसा वाचायला हवा होता ते पाहू. औषधांच्या ओळींच्या वर डॉक्टरांनी ‘के/सी/ओ आरए, ऑन एमटीएक्स १०/वीक’ असं लिहिलं आहे. म्हणजे संधिवाताच्या जुन्या रुग्ण, मेथोट्रेक्सेट आठवड्याला १० मिलिग्रॅम. अर्धा गुंता तिथेच सुटतो, पण लोक वरच्या ओळी सोडून थेट गोळ्यांवर येतात. दुसरी खूण ताकदीची. फोलिक ॲसिडची गोळी साधारणपणे ५ मिलिग्रॅमची मिळते. नावापुढे ७.५, १० किंवा १५ दिसलं तर ते फोलिक ॲसिड नसणार. उलट मात्र खरं नाही, कारण मेथोट्रेक्सेटही ५ मध्ये मिळतं. तिसरी खूण संख्येची. महिन्याच्या औषधात एका गोळीपुढे ४ आणि दुसरीपुढे २६ असेल, तर चारवाली आठवड्याची आणि सव्वीसवाली रविवार सोडून रोजची. तुमच्या पर्च्यावर संख्याच नाही आणि दुकानदाराने दोन्हींच्या सारख्या पट्ट्या कापून दिल्या. तळाशी ‘सीबीसी, एलएफटी ४ वीकली’ आहे, म्हणजे रक्ताची आणि यकृताची तपासणी दर चार आठवड्यांनी. नुसत्या जीवनसत्त्वासाठी कोणी एवढ्या तपासण्या सांगत नाही.

तीनही खुणा जुळल्या तरी डबीवर चिठ्ठी लावण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच. औषधाचं मूळ नाव, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलच्या नियमात २०१६ पासून आहे. तेव्हा ‘डॉक्टर, मेथोट्रेक्सेट पूर्ण लिहा, वार लिहा’ हे सांगण्यात उद्धटपणा नाही. घरच्या चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी. इतर दिवशी नाही’ असं लिहा, आणि ही गोळी रोजच्या डबीत ठेवूच नका. ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी ही गोळी दाखवा. सेप्ट्रानसारखी काही औषधं तिच्यासोबत धोकादायक ठरतात.

प्रश्न : पर्च्यावरची कंपनी नव्हती. दवा बाजारातल्या दुकानात ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी पट्टी दिली. घ्यावी का? (स्नेह नगर)

‘तेच आहे’ हे पट्टीच्या मागे छापलेलं नाव आणि मिलिग्रॅम पाहून ठरतं, दुकानदाराच्या तोंडून नाही. डॉक्टरच्या पर्च्यावर मिळणारी बहुतेक औषधं शेड्यूल एचमध्ये येतात आणि त्यांच्या जागी परस्पर दुसरं औषध द्यायला नियमात मनाई आहे, घटक तोच असला तरी. जास्त नफ्याची पट्टी पुढे सरकवायला हे वाक्य फार सोयीचं पडतं. डॉक्टरांना विचारून बदलायला हरकत नाही.

प्रश्न : बाबांचे इथले कागद पुण्याच्या डॉक्टरांसाठी मराठीत करून पाठवतोय. ‘क्वेश्चन मार्क टीबी’ आणि ‘एनएडी’ कसं लिहू? (सुदामा नगर)

डॉक्टरांसाठी भाषांतर कशाला? मूळ कागदाचा स्वच्छ, सरळ फोटो पाठवा. घरच्यांना समजावं म्हणून करत असाल तर ते प्रश्नचिन्ह गाळू नका. ‘टीबी’ आणि ‘टीबीची शंका’ यांत फरक आहे, आणि ते गाळलेल्या भाषांतरावरून बाबांची ताटवाटी वेगळी करणारं घर मी पाहिलंय. ‘एनएडी’ हा आजार नाही, तपासणीत काही बिघाड आढळला नाही इतकंच. औषधांची नावं भाषांतरित करू नका, दिसतात तशीच उतरवा. जे वाचता येत नाही तिथे ‘वाचता आलं नाही’ लिहा. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढचा माणूस खरं धरतो.

प्रश्न : परत परत विचारलं की डॉक्टर चिडतात. कंपाउंडरला विचारलं तर चालेल? (परदेशीपुरा)

चिडू द्या. कंपाउंडरला एवढंच विचारा, की डॉक्टर फोनवर किती वाजता भेटतील.