काच दिसली पाहिजे, पण आतला कपडाही

*सणासुदीच्या कपड्यांच्या दुकानाची दर्शनी काच ब्लेंडरमध्ये करतोय. पुतळे झाले, पिवळसर लाइट झाले. पण काचेत रस्त्याचं प्रतिबिंब आणलं की आतलं सगळं धुरकट होतं, आणि काढलं की काचच दिसत नाही. प्रतिबिंब नेमकं किती ठेवायचं?*

प्रतिबिंब किती हे तुम्ही ठरवूच नका. चित्रात किती वाजलेत ते ठरवा, प्रतिबिंबाचं प्रमाण त्यातून आपोआप येईल. मी बराच काळ हे उलट करत होतो आणि प्रत्येक कामात तुमच्यासारखाच अडकत होतो.

साधी काच समोरून पाहिली तर एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते. काचेला दोन पृष्ठभाग, म्हणजे साधारण ८ टक्के. काचेचा आकडा तेवढाच राहतो, बदलतो तो बाहेरचा उजेड. ढगाळ दुपारी रस्त्यावर १०,००० लक्स धरा. समोरच्या इमारतीची भिंत त्यातला ४० टक्के प्रकाश परतवते असं मानलं, तर तिचा उजळपणा साधारण १,२७० कँडेला प्रति चौरस मीटर होतो. त्याचे ८ टक्के म्हणजे १००. आता आत या. दुकानाच्या लाइटचे १,५०० लक्स पुतळ्यावर पडतायत. क्रीम रंगाचं रेशीम ६० टक्के प्रकाश परतवत असेल तर ते २८५ च्या आसपास जातं, पण गडद मरून मखमल ५ टक्केच परतवते, म्हणजे २४. त्या २४ वर रस्त्याचे १०० येऊन बसले की मखमल संपली. तुमचं 'धुरकट' म्हणजे हेच. तुमचं काही चुकलेलं नाही, भर दुपारी खऱ्या दुकानातही असंच दिसतं.

सूर्य मावळायच्या सुमारास बाहेर ५०० लक्स उरले की तीच भिंत काचेत ५ वर येते. मखमलीचे २४ आणि रस्त्याचे ५. कपडा स्पष्ट दिसतो, त्याच्या घड्यांत समोरच्या खिडक्यांच्या कडा हलक्या उमटतात आणि रेशमावर तर काहीच दिसत नाही. पूर्ण रात्री, २० लक्सला, भिंत ०.२ होते. तेव्हा काच जवळजवळ नाहीशी होते, फक्त दिव्यांचे ठिपके राहतात. म्हणून अशा चित्रासाठी मी जवळजवळ नेहमी मावळतीच्या आसपासची वेळ घेतो.

हे ब्लेंडरमध्ये बसवायला खरे लक्स लागत नाहीत, प्रमाण लागतं. पुतळ्याच्या छातीच्या जागी एक पांढरा पत्रा ठेवा आणि समोरच्या भिंतीच्या जागी, दुकानाकडे तोंड करून, तसाच दुसरा. दोन्ही रेंडर करून Image Editor मध्ये उजवं बटण दाबून धरलं की त्या जागेचे आकडे खाली दिसतात. आतला आकडा बाहेरच्याच्या तिप्पट येईपर्यंत World ची Strength कमी-जास्त करा. मग पत्रे काढून टाका.

काचेसाठी मी जाड ठोकळा आणि Glass BSDF वापरत नाही. आतल्या लाइटचा उजेड फुटपाथवर सांडायला हवा, आणि तो जाड काचेतून यायला लागला की एकतर सावली पडते नाहीतर पांढरे ठिपके उठतात. त्याऐवजी एकच सपाट प्लेन, Mix Shader मध्ये वर Transparent BSDF, खाली Glossy BSDF, त्याचा Roughness शून्य. Fac ला Fresnel, पण IOR १.५ नाही, १.८. एका पृष्ठभागाला १.८ दिलं की समोरून साधारण ८ टक्के येतात, म्हणजे दोन पृष्ठभागांचा हिशेब एकाच प्लेनमध्ये बसतो. या Fresnel ला Math नोडच्या Multiply ने Light Path मधल्या Is Camera Ray शी गुणा. त्यामुळे कॅमेऱ्याला प्रतिबिंब दिसतं आणि बाकी सगळा प्रकाश काच नसल्यासारखा आरपार जातो. प्लेनचा नॉर्मल कॅमेऱ्याकडेच हवा. उलटा राहिला तर तिरक्या बाजूने काच आरसा होते. Face Orientation लावून निळं दिसतंय ना, एवढं बघा.

आता रस्ता. नुसता HDRI पुरत नाही, कारण त्यातलं सगळं अनंत अंतरावर असतं. कॅमेरा थोडा सरकवला तरी प्रतिबिंब खऱ्या रस्त्यासारखं सरकत नाही. समोर खऱ्या अंतरावर, समजा १२ मीटरवर, इमारतींचे फोटो लावलेले उभे प्लेन ठेवा. दोन-तीन दिवे आणि एखादी गाडी पुरे. काचेत काय कुठे पडेल हे अंदाजाने शोधू नका. कॅमेऱ्याची एक नक्कल काचेच्या आत तितक्याच अंतरावर ठेवा, आरशात दिसेल तशी, आणि आतला सगळा माल आणि काचेचं प्लेन लपवा. ती नक्कल बाहेर जे बघते तेच प्रतिबिंब, फक्त डावं-उजवं उलटं. या एका युक्तीने माझे कितीतरी तास वाचलेत.

एका कामात मधल्या पुतळ्याच्या मरून कुर्त्यावर, बरोबर गळ्यावर, समोरच्या दिव्याचा पिवळा गोळा येत होता. भरतकाम नेमकं तिथेच होतं आणि तो गोळा भरतकामाचाच भाग वाटत होता. नक्कल कॅमेऱ्यातून बघत दिवा दीड मीटर डावीकडे नेला; गोळा दोन पुतळ्यांमधल्या मोकळ्या अंधारात गेला. कुर्त्यासमोर बाहेर एक गडद झाड उभं केलं. झाडाचं प्रतिबिंब जवळजवळ काळं, म्हणजे तिथे काचेने कपड्यात काहीच मिसळलं नाही. काच दिसायला हवी ती पुतळ्यांच्या मधल्या अंधारात आणि काचेच्या कडांना. तिथे प्रतिबिंब आलं की बघणाऱ्याला काच कळते.

प्रतिबिंब नंतर फोटोशॉपमध्ये वेगळं जोडणार असाल तर एक चूक फार होते: रस्त्याचा फोटो Normal मध्ये २० टक्क्यांवर टाकणं. त्याने उजळ रेशीमही मळकट होतं. प्रतिबिंब प्रकाश झाकत नाही, त्यात भर घालतं. EXR वर, ३२ बिटमध्ये Linear Dodge (Add) लावा. ओळखायची खूण सोपी आहे: सर्वात पांढऱ्या कपड्यावर रस्ता दिसत असेल तर जोडणी चुकलीय.

लाइटच्या रंगाला Blackbody मध्ये ३००० द्या, पण चित्राचा व्हाइट बॅलन्स ३००० वर आणू नका, आतलं पांढरंफटक पडतं आणि रस्ता गडद निळा. दिवसाच्या ६५०० वर ठेवलं तर पांढरा कपडाही नारिंगी होतो. मी ४००० ते ४५०० च्या मध्ये थांबतो, पांढऱ्या कपड्याकडे बघत: तो साईसारखा दिसला की तिथेच सोडतो, आणि काचेतलं आकाश तेव्हा आपसूक निळसर झालेलं असतं.