2,000 रुपये बाकी ठेवले, तर बिलात साडेतेराशे जास्त कसे?

प्रश्न: क्रेडिट कार्डचं मागचं बिल 20,000 होतं, त्यातले 18,000 शेवटच्या तारखेला, 1 जूनला भरले. ते बिल निघाल्यानंतर 14,200 ची खरेदी केली, त्यात 3,000 चं पेट्रोल. म्हणजे 16,200 यायला हवेत. 12 जूनचं बिल साडेसतरा हजारांच्या वर आलंय. व्याज महिना साडेतीन टक्के, 2,000 वर 70 रुपये फार तर. बाकीचे कसले?

उत्तर:

तुमचा 70 रुपयांचा हिशोब साध्या कर्जाला बरोबर आहे, कार्डाला लागू होत नाही. कार्डावर जी बिनव्याजी मुदत मिळते ती एका अटीवर: बिल शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण भरायचं. थोडं जरी राहिलं तरी ती सवलत राहिलेल्या रकमेपुरती जात नाही, सगळ्या बिलाची जाते. मग व्याज मोजायला सुरुवात होते ती प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून, शेवटच्या तारखेपासून नव्हे. वर, मागचं काही शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

तुमच्या खरेदीच्या तारखा प्रश्नात नाहीत, म्हणून मी काही धरतो. तुमच्या तारखा घालून तसंच मांडून बघा. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला 42 टक्के. रक्कम गुणिले 42 टक्के, गुणिले दिवस, भागिले 365, एवढंच गणित आहे.

आधी जुनं बिल. समजा त्यातले 12,000 तुम्ही 20 एप्रिलला खर्च केले आणि 8,000 हे 5 मे रोजी. पैसे भरले 1 जूनला. म्हणजे 12,000 वर 42 दिवसांचं व्याज 579.95 आणि 8,000 वर 27 दिवसांचं 248.55. जे 18,000 तुम्ही वेळेत भरले, तेही या 20,000 मध्ये आहेत आणि भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्यांच्यावरही लागलं. लोकांना राग येतो तो इथेच, आणि तो मला समजतो. पण बहुतेक बँकांच्या अटींत हे उदाहरणासकट छापलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही, एवढंच.

1 जूननंतर मात्र व्याज फक्त राहिलेल्या 2,000 वर. 12 जूनपर्यंत 11 दिवसांचे 25.32 रुपये. तुमच्या डोक्यात होतं ते व्याज हेच, आणि सगळ्यात लहान आकडाही हाच.

आता नवी खरेदी. 18 मे रोजी 6,000, 25 मे रोजी पेट्रोलचे 3,000 आणि 4 जूनला 5,200 असं धरू. बिलाच्या दिवसापर्यंत अनुक्रमे 25, 18 आणि 8 दिवस झाले. तिन्ही मिळून व्याज 282.61. सगळं एकत्र केलं की बिलातल्या 'फायनान्स चार्जेस'च्या ओळीत 1,136.43 दिसतील.

त्यावर जीएसटी. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ही ओळ चुकीची वाटते. चूक नाही. व्याजाला जी करमाफी आहे तिच्यातून क्रेडिट कार्डाचं व्याज कायद्यानेच वगळलंय. 18 टक्क्यांनी 204.56 झाले. बिलावर ही रक्कम कधी आयजीएसटी म्हणून एका ओळीत येते, कधी सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा नऊ-नऊ टक्क्यांच्या दोन ओळींत. दोन ओळी दिसल्या म्हणून कर दोनदा घेतला असं समजू नका.

राहिलं पेट्रोल. पंपावर कार्ड वापरलं की साधारण 1 टक्का इंधन अधिभार लागतो. 3,000 वर 30 रुपये, त्यावर जीएसटी 5.40. पंपाच्या पावतीवर मात्र 3,000 च असतात, म्हणून पावत्यांची बेरीज बिलाशी कधीच जुळत नाही. पुष्कळ कार्डांवर हा अधिभार माफ असतो, पण माफी म्हणजे तो लागतच नाही असं नव्हे. आधी लागतो, मग परत जमा होतो, कधी त्याच बिलात तर कधी पुढच्या. परत येतात ते 30, 5.40 चा कर सहसा येत नाही. शिवाय माफीला व्यवहाराच्या रकमेची खालची आणि वरची मर्यादा असते. टाकी भरताना त्या मर्यादेच्या बाहेर गेलात तर 30 ही गेले. तुमचे परत आले असं धरतो.

तर 16,200 अधिक 1,136.43 अधिक 204.56 अधिक 5.40, एकूण 17,546.39. लेट फी यात नाही, कारण तुम्ही किमान रकमेपेक्षा कितीतरी जास्त भरलंत. किमान रक्कम भरली की लेट फी टळते आणि थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही. व्याज त्याने थांबत नाही. वार्षिक फी या महिन्यात लागली असेल तर तीही बघा, तिच्यावरही 18 टक्के असतात.

आता एक गोष्ट, जी पुढच्या महिन्यात तुम्हाला पुन्हा चक्रावून टाकेल. हे बिल तुम्ही 2 जुलैला पै न् पै भरलंत, तरी जुलैच्या बिलात व्याज येईल. 12 जूननंतर पैसे भरेपर्यंत त्या 16,200 वर रोजचं व्याज चालूच राहतं. 20 दिवसांचे साधारण 373 आणि त्यावर कराचे 67. बिल निघाल्याच्या दिवशी हे मोजलेलं नसतं, म्हणून ते मागाहून उगवतं. शेवटच्या तारखेची वाट न पाहता आज-उद्या भरलंत तर यातले बरेचसे वाचतील. आणि जुलैच्या बिलातली ती छोटी रक्कम 'आता एवढ्यासाठी काय' म्हणून सोडू नका. ती राहिली की बिनव्याजी मुदत परत मिळणं आणखी लांबतं. काही बँका सलग दोन बिलं पूर्ण भरल्यावरच ती परत सुरू करतात, तेव्हा त्या मधल्या काळात मोठी खरेदी या कार्डावर न केलेली बरी.

तुमच्या तारखांनी मांडूनही दहा-वीस रुपयांपेक्षा जास्त फरक राहिला तर बँकेकडे व्याजाची दिवसवार फोड लेखी मागा. मागताना दोन गोष्टी तपासा. 1 जूननंतरही व्याज 20,000 वरच लावलंय का? रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे भरलेली रक्कम वजा करूनच व्याज लावायचं असतं. आणि मागच्या बिलातले न भरलेले कर आणि शुल्क मुद्दलात मिसळून त्यांच्यावर व्याज घेतलंय का? तेही त्याच निर्देशांनी बंद केलंय. यातलं काही आढळलं आणि लेखी तक्रारीनंतर 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. तिथे फी नाही. बिलाची पीडीएफ आणि बँकेला पाठवलेला ईमेल मात्र जपून ठेवा, तक्रार भरताना दोन्ही लागतात.